नफा पत्रकात, रोकड कोठे? दोन ताळेबंदांवरून रोकड प्रवाह पत्रक तयार करण्याची रीत

तुरीची डाळ तयार करणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेस उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. सचिवांनी अहवाल वाचला. वर्षाअखेर कर वजा जाता पाच लाख रुपये नफा झाला, असे त्यांनी सांगितले. सभासदांनी टाळ्या वाजविल्या. त्यानंतर मागील रांगेतील एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "अध्यक्षसाहेब, कंपनीला पाच लाख नफा झाला आणि आमच्या तुरीचे देणेही पाच लाखच आहे. मग ते देऊन का टाकत नाही?" अध्यक्षांनी खजिनदारांकडे पाहिले, खजिनदारांनी बँकेच्या पुस्तकाकडे पाहिले. बँकेत व पेटीत मिळून दोन लाख वीस हजार रुपये होते. नफा खोटा नव्हता, आणि कोणी अपहारही केला नव्हता. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर त्या सभेत कोणासही देता आले नाही. कारण ते उत्तर नफा-तोटा पत्रकात नसते आणि एकट्या ताळेबंदातही नसते. ते दोन वर्षांच्या ताळेबंदांच्या मधल्या जागेत असते, आणि तेथून ते काढण्याचे साधन म्हणजे रोकड प्रवाह पत्रक होय.

कंपनी कायदा, २०१३ अन्वये हे पत्रक वार्षिक हिशेबांचा भाग मानलेले आहे. लहान कंपनीस मात्र त्यातून सूट आहे, आणि आपल्याकडील बहुतेक उत्पादक कंपन्या या सुटीत बसतात. त्यामुळे ते तयार करण्याची सवयच लागत नाही. कायद्याची सक्ती नसली तरी सभासदांच्या प्रश्नास सूट नाही, एवढे संचालकांनी ध्यानात घ्यावे.

पत्रक तयार करण्याच्या दोन पद्धती आहेत. प्रत्यक्ष पद्धतीत वर्षभराच्या रोजकीर्दीतील प्रत्येक जमा व खर्च निवडून वेगवेगळ्या शीर्षकांखाली मांडावा लागतो. अप्रत्यक्ष पद्धतीत नफ्याच्या आकड्यापासून आरंभ करून, त्यात रोकडीविना मिसळलेल्या गोष्टी एकेक काढीत आपण रोकडीपर्यंत पोहोचतो. तयार ताळेबंद हाताशी असल्यास ही दुसरी पद्धत सोयीची पडते. येथे तिचाच विचार करावयाचा आहे.

उपर्युक्त कंपनीचे आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून ते पूर्णांकात आणून व काही बाबी एकत्र करून खाली दिले आहेत. सर्व आकडे रुपयांत आहेत.

| बाब | ३१ मार्च २०२४ | ३१ मार्च २०२५ |
|---|---|---|
| भागभांडवल | १०,००,००० | १२,००,००० |
| राखीव निधी व शिल्लक नफा | ३,००,००० | ७,२०,००० |
| बँकेचे मुदत कर्ज | ८,००,००० | ११,००,००० |
| तुरीबद्दल शेतकऱ्यांचे देणे | ६,७०,००० | ५,००,००० |
| आयकराची तरतूद (आगाऊ कर वजा जाता) | ३०,००० | ४०,००० |
| एकूण देयता | २८,००,००० | ३५,६०,००० |
| यंत्रसामग्री, मूळ किंमत | १५,००,००० | २०,००,००० |
| वजा संचित घसारा | ४,००,००० | ५,५०,००० |
| यंत्रसामग्री, निव्वळ | ११,००,००० | १४,५०,००० |
| तूर व डाळ यांचा साठा | ७,००,००० | ११,५०,००० |
| व्यापाऱ्यांकडील येणे | ४,००,००० | ७,४०,००० |
| रोख व बँक शिल्लक | ६,००,००० | २,२०,००० |
| एकूण मालमत्ता | २८,००,००० | ३५,६०,००० |

आरंभी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. वर्षारंभी रोकड सहा लाख होती, वर्षाअखेर दोन लाख वीस हजार उरली. म्हणजे तीन लाख ऐंशी हजारांची घट झाली. हा आकडा आपणांस आधीच ठाऊक आहे. पत्रक करावयाचे ते हा आकडा शोधण्यासाठी नव्हे, तर त्याचे कारण शोधण्यासाठी.

हे कारण ताळेबंदातूनच का सापडते, ते पाहू. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू दोन्ही वर्षी समान असतात, म्हणून एका बाजूची वाढ दुसऱ्या बाजूच्या वाढीइतकीच असली पाहिजे. येथे देयता सात लाख साठ हजारांनी वाढली. रोकड सोडून इतर मालमत्ता पाहिली तर निव्वळ यंत्रसामग्री साडेतीन लाखांनी, साठा साडेचार लाखांनी व येणे तीन लाख चाळीस हजारांनी, मिळून अकरा लाख चाळीस हजारांनी वाढली. आलेल्या पैशाहून अडकलेला पैसा तीन लाख ऐंशी हजारांनी अधिक झाला, आणि तेवढीच रोकड घटली. सर्व रीतीचे मर्म एवढेच आहे. मालमत्ता वाढली की रोकड त्यात जाते, देयता वाढली की रोकड येते. उलट झाल्यास परिणामही उलट होतो.

मग एवढी वजाबाकी करून थांबावे काय? नाही. कारण ही फरकांची यादी काही बाबी झाकून ठेवते, आणि त्या केवळ ताळेबंदाकडे पाहून कळत नाहीत. त्यासाठी खतावणीतून थोडी माहिती काढावी लागते. आपल्या उदाहरणात ती अशी आहे. दोन लाख रुपये मूळ किमतीचे व एक लाख वीस हजार घसारा झालेले जुने यंत्र एक लाखास विकले. वर्षाचा आयकर एक लाख चाळीस हजार धरला. सभासदांस ऐंशी हजार रुपये लाभांश दिला. पाच लाख नवीन कर्ज उचलले व जुन्यापैकी दोन लाख फेडले. कर्जावर नव्वद हजार रुपये व्याज भरले. नवीन भागांचे दोन लाख रुपये रोखीने मिळाले.

आता कामास लागू. प्रथम करपूर्व नफा काढावा. राखीव निधी व शिल्लक नफा तीन लाखांवरून सात लाख वीस हजारांवर गेला, म्हणजे चार लाख वीस हजारांनी वाढला. परंतु मधल्या काळात त्यातून ऐंशी हजारांचा लाभांश गेला आहे. तो परत मिळविला की पाच लाख होतात. हा करोत्तर नफा, म्हणजेच सभेत वाचून दाखविलेला आकडा. त्यात वर्षाचा कर एक लाख चाळीस हजार मिळविला की करपूर्व नफा सहा लाख चाळीस हजार येतो. नफा-तोटा पत्रक हाताशी असल्यास हा आकडा तेथे आयता मिळतो. तरीही असा काढून पडताळून पाहिल्यास राखीव निधीत परस्पर काही जमा-खर्च झाला असल्यास तो उघड होतो. राखीव निधीतून बोनस भाग दिले असल्यास याच ठिकाणी ते लक्षात येईल. अशा भागांबद्दल एक पैसाही आलेला नसतो, म्हणून ते पत्रकात घ्यावयाचे नसतात.

यानंतर यंत्रसामग्री. सर्वांत अधिक चुका याच ठिकाणी होतात, म्हणून येथे घाई करू नये. निव्वळ किमतीवरून काम न करता मूळ किंमत व संचित घसारा यांची दोन निरनिराळी खाती कागदावर मांडावीत. मूळ किमतीचे खाते पंधरा लाखांनी सुरू झाले. त्यातून विकलेल्या यंत्राचे दोन लाख गेले, तेरा उरले. वर्षाअखेर मात्र वीस लाख दिसतात. अर्थात सात लाखांची नवीन खरेदी झाली. (नवे प्रतवारी यंत्र व त्याची उभारणी यांच्या पावत्यांची बेरीज तेवढीच निघाली.) घसाऱ्याचे खाते चार लाखांनी सुरू झाले, त्यातून विकलेल्या यंत्राचा एक लाख वीस हजार घसारा कमी झाला, दोन लाख ऐंशी हजार राहिले. वर्षाअखेर साडेपाच लाख आहेत, म्हणून या वर्षाचा घसारा दोन लाख सत्तर हजार झाला. विकलेल्या यंत्राची पुस्तकी किंमत ऐंशी हजार होती व ते एक लाखास गेले, म्हणून वीस हजार नफा झाला.

घसारा हा खर्च आहे, परंतु त्यासाठी या वर्षी कोणास पैसे दिलेले नाहीत. यंत्र घेतले तेव्हाच पैसे गेले. यास्तव नफ्यात तो परत मिळवावयाचा. घसाऱ्याने रोकड येते, असा गैरसमज मात्र करून घेऊ नये. घसारा दुप्पट धरला म्हणून पेटीत एक रुपयाही वाढत नाही. नफा तितका कमी होतो आणि मिळवणी तितकीच अधिक होते. यंत्रविक्रीचा वीस हजार नफा उलट वजा करावयाचा. विक्रीचे पूर्ण एक लाख रुपये आपण पुढे गुंतवणुकीच्या भागात दाखविणार आहोत. हे वीस हजार वरही राहिले तर तीच रक्कम दोनदा मोजली जाईल.

भरलेले नव्वद हजार व्याजही नफ्यात परत मिळवावयाचे. व्याजाचे पैसे खरोखरच गेले आहेत, मग ते मिळवावयाचे का, अशी शंका येणे साहजिक आहे. कारण असे की, सनदी लेखापाल संस्थेच्या तिसऱ्या लेखामानकाप्रमाणे, सावकारी वा बँकिंग हा ज्यांचा धंदा नाही अशा संस्थांनी दिलेले व्याज भांडवल व कर्ज यांच्या भागात दाखवावयाचे असते. येथून उचलून तेथे ठेवावयाचे, एवढाच याचा अर्थ.

आतापर्यंतची बेरीज अशी होते. करपूर्व नफा सहा लाख चाळीस हजार, अधिक घसारा दोन लाख सत्तर हजार, अधिक व्याज नव्वद हजार, वजा यंत्रविक्रीचा नफा वीस हजार; मिळून नऊ लाख ऐंशी हजार. उधारी व साठा जैसे थे राहिले असते, तर डाळीच्या धंद्याने वर्षभरात एवढी रोकड दिली असती.

परंतु ते जैसे थे राहिले नाहीत. साठा साडेचार लाखांनी वाढला. त्यासाठी लागलेली तूर विकत घेतली गेली, तिची डाळ मात्र विकली गेली नाही; म्हणून साडेचार लाख वजा. व्यापाऱ्यांकडील येणे तीन लाख चाळीस हजारांनी वाढले. ही विक्री नफ्यात धरली गेली, पण पैसे आले नाहीत. म्हणून तेही वजा. शेतकऱ्यांचे देणे एक लाख सत्तर हजारांनी कमी झाले. ते कमी झाले याचा अर्थ या वर्षीच्या खरेदीहून तेवढे अधिक पैसे शेतकऱ्यांस चुकते केले गेले; म्हणून तेही वजा. या तिघांची बेरीज नऊ लाख साठ हजार होते. नऊ लाख ऐंशी हजारांतून उरले फक्त वीस हजार.

यातून प्रत्यक्ष भरलेला आयकर वजा करावा. तरतूद वर्षारंभी तीस हजार होती, वर्षाचा कर एक लाख चाळीस हजार, एकूण एक लाख सत्तर हजार. त्यांपैकी चाळीस हजार देणे राहिले, म्हणून एक लाख तीस हजार भरले. धंद्यापासूनचा निव्वळ प्रवाह उणे एक लाख दहा हजार झाला.

आता संपूर्ण पत्रक मांडू.

| रोकड प्रवाह पत्रक, वर्ष २०२४-२५ | रुपये |
|---|---|
| करपूर्व नफा | ६,४०,००० |
| अधिक: घसारा | २,७०,००० |
| अधिक: व्याज | ९०,००० |
| वजा: यंत्रविक्रीचा नफा | (२०,०००) |
| साठ्यातील वाढ | (४,५०,०००) |
| येण्यातील वाढ | (३,४०,०००) |
| शेतकऱ्यांच्या देण्यातील घट | (१,७०,०००) |
| भरलेला आयकर | (१,३०,०००) |
| क. धंद्यापासून निव्वळ | (१,१०,०००) |
| यंत्रखरेदी | (७,००,०००) |
| यंत्रविक्री | १,००,००० |
| ख. गुंतवणुकीपासून निव्वळ | (६,००,०००) |
| नवीन भागभांडवल | २,००,००० |
| नवीन कर्ज | ५,००,००० |
| कर्जफेड | (२,००,०००) |
| दिलेले व्याज | (९०,०००) |
| दिलेला लाभांश | (८०,०००) |
| ग. भांडवल व कर्जापासून निव्वळ | ३,३०,००० |
| रोकडीतील घट (क, ख व ग मिळून) | (३,८०,०००) |
| वर्षारंभीची रोकड | ६,००,००० |
| वर्षाअखेरची रोकड | २,२०,००० |

कंसातील रक्कम म्हणजे बाहेर गेलेली किंवा वजा करावयाची रक्कम. कर्ज उचलले ते व फेडले ते येथे वेगवेगळे दाखविले आहे. ताळेबंदात केवळ तीन लाखांची वाढ दिसते, परंतु बँकेने पाच लाख दिले व आपण दोन लाख फेडले, ही गोष्ट वाचणाऱ्यास कळली पाहिजे.

बेरीज जुळली. येथे बहुतेक लेखनिक सुटकेचा निःश्वास टाकून वही मिटतात. ती मिटण्यापूर्वी एक धोका समजून घ्यावा. समजा, लेखनिकाने यंत्रसामग्रीची खाती मांडली नाहीत. घसारा मिळविला नाही, यंत्रविक्रीचा नफा वजा केला नाही आणि निव्वळ यंत्रसामग्रीतील साडेतीन लाखांची वाढ हीच खरेदी म्हणून दाखविली. तरीही पत्रकाची अखेर तीन लाख ऐंशी हजारांच्या घटीवर बरोबर जुळेल! परंतु धंद्यापासून एक लाख दहा हजारांऐवजी तीन लाख साठ हजार गेल्याचे दिसेल आणि गुंतवणुकीत सहा लाखांऐवजी साडेतीन लाख. म्हणजे प्रतवारी यंत्रासाठी गेलेला पैसा डाळीच्या व्यापारात बुडाल्यासारखा दिसेल. अशा पत्रकावरून एखादे संचालक मंडळ चालू धंदा आवरता घेण्याचा ठराव करावयासही मागेपुढे पाहणार नाही. ताळा जुळणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. प्रत्येक भागातील आकडा खतावणीशी अथवा पावतीशी भिडविला पाहिजे.

ताळा जुळलाच नाही तर शोध कसा घ्यावा, हेही सांगणे जरूर आहे. फरकाची रक्कम आधी यादीतील आकड्यांशी ताडून पाहावी. फरक वीस हजारांचा आला तर यंत्रविक्रीचा नफा वजा करावयाचा राहिला असण्याचा संभव अधिक. तसे न सापडल्यास फरकाची निम्मी रक्कम करून ती यादीत शोधावी. येण्यातील वाढ वजा करण्याऐवजी चुकून मिळविली तर फरक सहा लाख ऐंशी हजारांचा येतो आणि त्याचे निम्मे तीन लाख चाळीस हजार, म्हणजे त्या बाबीचाच आकडा. उलट चिन्हाची चूक अशी चटकन सापडते.

आणखी तीन ठिकाणी आपल्या कंपन्यांचे पत्रक घसरताना लेखकाने पाहिले आहे. यंत्र उधारीने घेतले आणि त्याचे देणे शेतकऱ्यांच्या देण्यात मिसळून लिहिले, तर देणे वाढलेले दिसते व धंद्याचा प्रवाह उगाच चांगला भासतो. यंत्राचे देणे वेगळे काढून, पैसे दिले तेवढीच खरेदी दाखवावी. दुसरे, यंत्रावर मिळालेले शासकीय अनुदान काही हिशेबनीस यंत्राच्या किमतीतून परस्पर वजा करतात. मग खरेदीचा आकडा लहान येतो. यंत्राची पूर्ण किंमत बाहेर गेलेली व अनुदान आत आलेले, अशा दोन्ही रकमा दाखविल्या म्हणजे पुढील यंत्रासाठी किती पैसा उभारावा लागेल, याचा अंदाज खरा राहतो. तिसरे, बँकेतील एक वर्षाची मुदत ठेव रोकडीत धरण्याची चूक. ठेवीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत परत मिळणारी ठेवच रोकडीसमान मानावी. त्याहून दीर्घ मुदतीची ठेव ही गुंतवणूक होय.

आता त्या वयस्क सभासदांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. सभेनंतर दोन दिवसांनी खजिनदारांसह बसून वरील पत्रक तयार केले, आणि पुढील मासिक बैठकीत ते फळ्यावर लिहून दाखविले. पाच लाख नफा कोठे गेला, तर तो डाळीच्या पोत्यांत व व्यापाऱ्यांच्या खात्यांत गेला. भाव चढतील या आशेने डाळ रोखून धरली होती, आणि शहरातील घाऊक व्यापाऱ्यांस उधारीची मुदत वाढवून दिली होती. धंद्यातून रोकड उरली नाही, आणि तरीही सात लाखांची यंत्रखरेदी झाली. ती भागविण्यास नवीन भाग व कर्ज पुरे पडले नाही, म्हणून पूर्वीच्या शिलकीतून तीन लाख ऐंशी हजार गेले. त्याच वर्षी शेतकऱ्यांचे देणे एक लाख सत्तर हजारांनी कमी केले गेले, हेही फळ्यावर प्रथमच सर्वांनी पाहिले. देणे थकविले, असा जो समज पसरला होता तो त्यामुळे बराच निवळला.

ते सभासद पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि विचारले, "ही तीन लाख चाळीस हजारांची वाढीव उधारी कोणाकोणाकडे आहे, आणि किती दिवसांची?" हे मात्र या पत्रकातून कळत नाही. त्यासाठी खजिनदारांनी येणेदारांची खतावणी उघडली आणि पहिल्या पानापासून नावे व तारखा वाचावयास आरंभ केला.